मंडईचं नाटक आणि मोबाईलची उधारी

भूमेश्वरी पटले उधारीत फसेल असं मागच्या दिवाळीआधी कुणी म्हटलं असतं, तर अख्खं सौंदड त्याला हसलं असतं. बाई हिशोबाची पक्की. घरीच शिलाईचं काम करते, आणि ब्लाऊजपिसातली बोटभर उरलेली चिंधीसुद्धा घडी करून गिऱ्हाइकाला परत देते. वर सांगते, "तुमचंच आहे, माह्याकडे कायले ठेवता?" भांडायला मात्र कमी नाही. शिलाईचे वीस रुपये कमी दिले तर गिऱ्हाईक फाटकाबाहेर जाईपर्यंत तिचा आवाज चालू असतो, आणि गिऱ्हाईक निमूट परत फिरतं.

गावातल्या दहा बायांच्या बचत गटाची ती सचिव. गटानं आजवर बँकेचं कर्ज दोनदा उचललं आणि दोन्ही वेळा शेवटचा हप्ता तारखेच्या आत भरला. सडक अर्जुनीच्या शाखेत या गटाचं नाव काढलं की शिपाईसुद्धा खुर्ची पुढे करतो. आता गटाला पत्रावळीचं मशीन घ्यायचं होतं. पळसाची पानं जंगलातून आणायची, काड्यांनी टाचायची आणि शेकडा दरानं गोंदियाच्या व्यापाऱ्याला विकायची, यात बायांची बोटं फाटत आणि हाती काही लागत नसे. दाबून वाटी-थाळी काढणारं मशीन आलं तर माल तिप्पट भावानं जाणार होता. तीन लाखांचं कर्ज, शेडसाठी ग्रामपंचायतीची खोली, एप्रिल-मे महिन्यातली लग्नसराई, सगळं भूमेश्वरीनं वर्षभर जमवत आणलं होतं. मशीन म्हणजे तिचा जीव की प्राण झालं होतं. कागद तेवढे बँकेत जायचे राहिले होते.

तिचा नवरा लोकेंद्र मोटारी बांधतो. मोटारी बांधतो म्हणजे शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देतो. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर आवाज चढवणं नाही. असा भला माणूस शोधून सापडायचा नाही. पण देवानं प्रत्येकाला एक खोड दिलेली असते, तशी याला नाटकाची दिली होती. आणि आमच्या भागात नाटकाची खोड म्हणजे नुसतं बघणं नव्हे, गावात नाटक आणणं.

दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, आकाशपाळणे, गोडाशेवेची दुकानं. लेकी माहेरी येतात, पाव्हणे येतात, सोयरिकी जुळतात. आणि रात्री नाटक. ज्या गावच्या मंडईत नाटक नाही त्या गावाला पाव्हणे वर्षभर टोमणे मारतात. नाटक कंपन्या वडशाला. तिकडे आगगाडीनं जायचं, तारीख पक्की करायची, अर्धे पैसे आधी मोजायचे. हे आधीचे पैसे कुणीतरी एकानं पदरचे घालायचे, ते तिकिटातून निघतात, आणि तूट आलीच तर धान विकल्यावर घरोघर वर्गणी काढून भरून द्यायची, अशी रीत. आजवर कुणाचा रुपया बुडाला नाही. धानाची वाट तेवढी पाहावी लागते.

दरसाल हे पैसे राईस मिलवाले चुन्नीलालजी घालत. यंदा त्यांनी मिलमध्ये नवं यंत्र बसवलं आणि हात वर केले. मंडईच्या कमिटीचे अध्यक्ष बकारामजी, खजिनदार आपला लोकेंद्र. वडशाहून फोनवर फोन. पंचवीस ऑक्टोबरपर्यंत पस्तीस हजार आले नाहीत तर तारीख दुसऱ्या गावाला. लोकेंद्रचं जेवण जाईना.

तेव्हा भूमेश्वरीच्या मोबाईलनं तोंड उघडलं. शिलाईचे पैसे घ्यायला तिनं दाराशी क्यूआर कोडचा बोर्ड लावला होता. रोज दोनशे, तीनशे असे पैसे त्या खात्यात यायचे, आणि पैशांची ही नेमानं होणारी ये-जा तिच्या फोनमधल्या पेमेंट ॲपनं टिपून ठेवली होती. लोकेंद्रच्या फोनवर तेच ॲप होतं, पण त्याच्या खात्यात सदा खडखडाट, म्हणून त्याला कुणी विचारलं नाही. भूमेश्वरीला मात्र निळ्या रंगाची पाटी दिसली. तुमच्यासाठी पन्नास हजारांची क्रेडिट लाईन मंजूर. पंचेचाळीस दिवसांपर्यंत व्याज नाही.

"हे का होय?" तिनं विचारलं.

लोकेंद्रनं दोनदा वाचलं. "उधारी होय. बँक देते. जेवढे वापरले तेवढेच भराचे. पंचेचाळीस दिवस फुकट."

"फुकट कोण देते बाप्पा?"

"दुकानदार नाई देत का? चुन्नीलालजीनं कधी व्याज लावलं? आज पंचवीस तारीख. पंचेचाळीस दिवस मंजे डिसेंबरची आठ-नऊ. तवापर्यंत नाटक होते, तिकिटाचे पैसे येते, धानही विकते. ऐक ना, गुंजनची माय. गावाच्या अब्रूचा सवाल आहे."

गुंजन म्हणजे त्यांची दहावीतली लेक. तीसुद्धा बापाच्या बाजूनं उभी राहिली, कारण तिच्या मैत्रिणी पाहुण्या म्हणून येणार होत्या. भूमेश्वरी दोघांकडे बघत राहिली. या माणसानं आजवर तिच्याकडे दहा रुपयांपायीसुद्धा कधी तोंड वेंगाडलं नव्हतं. तिला त्याचं फार वाटलं, आणि तिनं फोन पुढे केला. चूक झाली ती अशी, मायेपोटी. अडाणीपणानं नाही.

पॅन कार्डचा नंबर, आधारवर आलेला ओटीपी, चेहऱ्याचा फोटो. कुठल्याशा बँकेचं नाव आलं, जिची शाखा त्यांनी गोंदियातही कधी पाहिली नव्हती. मग एक लांबलचक पान आलं. वर्षाचा व्याजदर छत्तीस टक्के, उशीर झाला तर पाचशे, पैसे कटले नाहीत तर पाचशे, वर जीएसटी. सगळं त्या पानावर लिहिलेलं होतं, लपवलेलं काहीच नव्हतं. लोकेंद्रनं अंगठ्यानं ते पान सरसर वर ढकललं आणि "मान्य" दाबलं. देय तारखेला बिल तिच्या खात्यातून आपोआप कापून घ्यायची परवानगीही त्यातच दिली गेली. शेवटी लाईनसाठी वेगळा पिन मागितला.

"बँकेचाच ठेव," लोकेंद्र म्हणाला. "दोन-दोन कोण ध्यानात ठेवते?"

तिनं तेच चार आकडे ठेवले.

नाटक कंपनीच्या मॅनेजरच्या मोबाईल नंबरवर पैसे टाकायला गेले तर ॲपनं नकार दिला. या लाईनचे पैसे दुकानदाराच्या क्यूआरवरच चालत होते, माणसाच्या खात्यात नाही. मॅनेजर मुरलेला. त्यानं कंपनीच्या धंद्याच्या खात्याचा क्यूआर पाठवला आणि सांगितलं की क्रेडिटचे पैसे आले की आमच्याकडून कमिशन कापल्या जाते, तेव्हा पाचशे वरून टाका. लोकेंद्रनं साडेपस्तीस हजार टाकले. टिंग वाजलं. बकारामजींनी पेढे वाटले, आणि भूमेश्वरीनंही एक खाल्ला.

इथून पुढे जे झालं ते हळूहळू झालं, आणि म्हणूनच कळलं नाही. ॲपनं पैसे देण्याच्या यादीत ती लाईन सगळ्यात वर आणून ठेवली होती. आपलं जुनं बँकेचं खातं तिच्या खाली. पिन दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे फोन काही अडवत नव्हता. दोऱ्याचे बॉक्स, गुंजनचं रिचार्ज, लोकेंद्रच्या गाडीचं पेट्रोल, दिवाळीचं तेल-साखर, आठवड्याभरात सत्तावीसशे रुपये त्या लाईनवरूनच गेले. खात्यातले पैसे टिकून आहेत याचं भूमेश्वरीला उलट कौतुक वाटत होतं. त्या टिकलेल्या पैशांतून तिनं गटातल्या एका बाईच्या बाळंतपणाला हजार रुपये उसने दिले.

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला सकाळी फोनवर ओळीनं तीन मेसेज आले. तिच्या खात्यात अकराशे रुपये होते. लाईनवाल्या बँकेनं अडतीस हजार दोनशे कापायला धाडलं, ते परत गेलं. लाईनवाल्या बँकेनं त्याचे पाचशे नव्वद लावले, आणि तिच्या स्वतःच्या बँकेनं, जिथं तिचं खातं होतं त्या बँकेनं, पैसे नसताना मागणी आली म्हणून दोनशे पंच्याण्णव कापून घेतले. नाटक अजून दोन दिवसांवर होतं.

"पंचेचाळीस दिवस कोठी झाले?" भूमेश्वरी ओरडली. "एकवीसच तं झाले!"

लोकेंद्रनं ग्राहक सेवेला फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून एक पोरगी गोड आवाजात हिंदी बोलत होती.

"मैम, बिल महीने की आखिरी तारीख को बनता है, और अगले महीने की पंद्रह को भरना होता है. जो पहली तारीख को खर्च करेगा उसको पैंतालीस दिन मिलेंगे. आपने पच्चीस को खर्च किया है."

"तं मले पंचेचाळीस नाई भेटणार?"

"पैंतालीस दिन तक लिखा है, मैम."

भूमेश्वरीला राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना. त्या पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिनं फोन लोकेंद्रच्या हातात कोंबला आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली, आणि दुपारपर्यंत तिचा एकही टाका सरळ आला नाही.

लोकेंद्रनं मग ॲपमध्ये शोधाशोध केली आणि त्याला सुटका सापडली. म्हणजे त्याला तसं वाटलं. पूर्ण बिलाच्या खाली लिहिलं होतं, किमान देय रक्कम, एकोणीसशे दहा. मोटारीच्या कामाचे आलेले पैसे त्यानं तिथं भरले. लाल अक्षरं हिरवी झाली.

"झालं," तो म्हणाला. "एवढंच पाह्यजे होतं त्याहिले. बाकीचं धान झाल्यावर देऊ."

किमान रकमेनं थकबाकीचा शिक्का तेवढा लांबतो, व्याज थांबत नाही, हे त्यांना कोण सांगणार? पूर्ण बिल तारखेला भरलं नाही त्या क्षणी बिनव्याजी मुदत संपली. तीही मागे जाऊन, पैसे ज्या दिवशी खर्च केले त्या दिवसापासून. साडेपस्तीस हजारांवर पंचवीस ऑक्टोबरपासूनचं व्याज, महिन्याला शेकडा तीन रुपये. आणि तेव्हापासून त्या लाईनवरून पेट्रोलचे दोनशे गेले तरी त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज. आमच्याकडे उधारी म्हणजे धानापर्यंत थांबणारी गोष्ट. दुकानदार थांबतो, डॉक्टर थांबतो, लग्नातला बँडवालासुद्धा थांबतो. या नव्या उधारीला धान कधी निघतं ते माहीत नव्हतं, आणि लोकेंद्र तिच्याशी चुन्नीलालजींशी वागावं तसा वागत होता.

नाटकाचं म्हणाल तर सौंदडच्या मंडईच्याच दिवशी पाच कोसांवरच्या गावानंही मंडई ठेवली आणि तिथं पोस्टरवर जिचं नाव बघून गर्दी होते अशी नटी आली. सौंदडच्या मंडपात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. कंपनीचा शिरस्ता असा की उरलेले पैसे हातात पडल्याशिवाय पडदा उघडत नाही. तिकिटाचे जे आले ते तिथंच गेले. लोकेंद्र पहिल्या रांगेत बसून होता, पण त्याला नाटक काय होतं ते आठवत नाही.

त्यानंतर धान. खरेदी केंद्रावर धान गेलं, काटा झाला, पण चुकारे, म्हणजे धानाचे पैसे, अडकले. आज येतात, उद्या येतात करत पौष उजाडला. कमिटीची बैठक कुणी बोलवेना. लोकेंद्र बकारामजींच्या घरी गेला की ते चहा पाजत.

"तुले का वाटते, गाव तुह्ये पैसे बुडवीन?" बकारामजी म्हणायचे. "चुकारे आले का देतो ना. घाई काऊन करून राहिला?"

"मी नाई करत, काकाजी. मोबाईल करते."

"मोबाईल बंद ठेव मंग."

बिचाऱ्यानं तेही करून पाहिलं. डिसेंबरच्या पंधराला खात्यात चारशे रुपये होते. पुन्हा बिलाची कपात परत, पुन्हा दोन्हीकडचे दंड, आणि यावेळी किमान रक्कम भरायलाही पैसे नव्हते. भूमेश्वरीच्या खात्यात सरकारी योजनेचे पंधराशे जमा झाले, ते तिच्या बँकेनं आधीच्या दंडापोटी अर्धे गिळले. जानेवारीत पुन्हा तेच. ॲपनं एक वाट दाखवली, थकलेल्या रकमेचे बारा हप्ते पाडा. त्यालाही प्रोसेसिंग फी होती, आणि पहिला हप्ता भरायला हातात काही नव्हतंच. दिवसा वसुलीचे फोन यायचे. भूमेश्वरी गिऱ्हाइकांसमोर फोन उलटा घालून ठेवू लागली. गुंजननं एकदा विचारलं, "आई, ते रोज कोण बोलते?" तर तिच्यावरच खेकसली, आणि मग रात्री पोरीच्या केसांना तेल लावत बसली.

गटात मात्र तिनं अवाक्षर काढलं नाही. भीतीनं नव्हे, लाजेनं. दर बैठकीत बायांना हप्त्याची शिस्त शिकवणारी ती. मागच्याच वर्षी चेतना या सभासद बाईनं गटाकडे तातडीनं पाच हजार मागितले होते, आणि चेतनाचे दोन हप्ते मागे आहेत म्हणून भूमेश्वरीनं नियमावर बोट ठेवून नाही म्हटलं होतं. त्या चेतनासमोर काय तोंड उघडणार?

तोंड बँकेनंच उघडलं. फेब्रुवारीत मशीनच्या कर्जाचा प्रस्ताव घेऊन भूमेश्वरी, सुशिलाबाई आणि चेतना सडक अर्जुनीला गेल्या. सुशिलाबाई गटाच्या अध्यक्षा, साठी ओलांडलेल्या. मॅनेजर साहेब तरुण, सरळ बोलणारा. त्यानं दहाही बायांची नावं संगणकावर घातली आणि एका नावापाशी थांबला.

"भूमेश्वरी लोकेंद्र पटले?"

"मीच, साहेब."

"ताई, तुमच्या नावावर एका बँकेची क्रेडिट लाईन आहे. अठ्ठेचाळीस हजार बाकी, आणि पन्नास दिवसांच्या वर थकलेली."

चेतनानं तिच्याकडे पाहिलं. सुशिलाबाईंनी पाहिलंच नाही, त्या समोरच्या पंख्याकडे बघत राहिल्या.

"ते नाटकाचे आहेत," भूमेश्वरी कशीबशी म्हणाली. "गावाचे."

"कर्जाच्या रिपोर्टवर गाव येत नाही, ताई. ज्याच्या पॅनवर घेतलं त्याचं नाव येतं." साहेबानं खुर्ची पुढे ओढली. "गटाचं खातं एक नंबर आहे, मी स्वतः सांगतो. पण सभासद थकबाकीदार असेल तर वरून प्रस्ताव परत येतो."

"भरले तं?"

"भरा. भरलेच पाहिजेत, रोज वाढतंय ते. सगळं भरून लाईन बंद करायला लावा, कर्ज फिटल्याचं पत्र घ्या. पण ती नोंद रिपोर्टवर चढायला काही आठवडे जातात, आणि उशीर झाल्याचा इतिहास राहतोच. हा प्रस्ताव मला या महिन्यात पाठवायचा आहे. मार्चवर गेला तर मंजुरीला पावसाळा येईल."

पावसाळ्यात लग्नं नाहीत आणि पळसाची पानंही वाळत नाहीत.

"मंग दुसरा रस्ता?" सुशिलाबाईंनी विचारलं.

साहेबाला बोलणं जड गेलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "गटानं ठराव करून ताईंचं नाव कमी करायचं. नवीन सभासद घ्या, किंवा नऊ जणी राहा. नऊ चालतात."

 परतीच्या ऑटोतून फाट्यावर उतरताना चेतना एकदम म्हणाली, "मले सांगाचं होतं ना, वहिनी. मी का हसली असती?"  चेतना हसली असती तर बरं झालं असतं, असं भूमेश्वरीला वाटलं.

त्या संध्याकाळी लोकेंद्रनं सगळं ऐकून घेतलं आणि मोटारसायकलची किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. दुसऱ्या दिवशी तो गाडी विकून आला. कमिटीकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा बकारामजींच्या दारात मोठ्यानं बोलला. बकारामजी वरमले. घरोघर फिरून चौदा हजार जमले, बाकीच्यांनी चुकाऱ्याचं नाव सांगितलं. गाडीचे अठ्ठावीस, शिलाई आणि मोटारींचे मिळून सहा. अठ्ठेचाळीस हजार आणि वरचे काही शे रुपये त्यांनी भरून टाकले. लाईन बंद करायचा अर्ज केला, कारण पैसे भरले म्हणून ती आपोआप बंद होत नाही. उलट पैसे जमा होताच पन्नास हजार पुन्हा वापरायला मोकळे झाल्याचं ॲपनं कळवलं होतं. पत्र आठवड्यानं आलं. लोकेंद्र ते पत्र घेऊन पायीच बँकेत निघाला होता, पाच किलोमीटर गेल्यावर कुणीतरी त्याला गाडीवर घेतलं. साहेबानं पत्र पाहिलं, फाईलला लावलं, आणि संगणकावर जुनंच दिसतंय म्हणून सांगितलं.

घरी येऊन तो ओसरीवर बसला. "भूमे," तो म्हणाला, "मी तुले बुडवलं."

"पिन मीच टाकला होता," ती म्हणाली. तिला त्याचा राग होता, खूप होता, आणि तरी त्या धुळीनं भरलेल्या पायांकडे तिला बघवेना. तिनं पाण्याचा गडू आणून ठेवला.

ठराव झाला तो तिच्याच अंगणात. बैठक दर महिन्याला तिथंच होते आणि ठराव लिहायचं काम सचिवाचं. दुसऱ्या कुणाला तसं लिहिता येत नव्हतं. चेतनानं म्हटलं, "मी लिहितो, वहिनी, तुमी नका लिहू," पण चेतनाची दोन वाक्यं खाडाखोडीत गेली, आणि भूमेश्वरीनं कागद तिच्याकडून घेतला. गटाच्या सभासद सौ. भूमेश्वरी लोकेंद्र पटले यांचे नाव सर्वानुमते कमी करण्यात येत आहे. तिनं ते एका दमात लिहिलं, तारीख घातली, आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. 

"मशीन आलं का तुमीच चालवान," कुणीतरी म्हणालं. "शेकड्यावर मजुरी देऊ."

"देजा," ती म्हणाली. "येतो मी."

एकेक बाई पुढे आली आणि सही करून मागे गेली. कुणी पदरानं डोळे पुसले, कुणी घाईघाईनं नाव खरडलं. शेवटी सुशिलाबाई राहिल्या. त्यांनी पेन घेतलं नाही. गटाच्या शिक्क्याचा निळा पॅड ओढून त्यांनी अंगठा त्यावर दाबला.

"मावशी, तुमाले तं सही येते," चेतना म्हणाली. "बँकेच्या कागदावर तुमची सहीच आहे."

सुशिलाबाईंनी भूमेश्वरीकडे पाहिलं. सहा वर्षांपूर्वी गट निघाला तेव्हा याच अंगणात, पाटीवर पेन्सिल धरलेल्या त्यांच्या हातावर हात ठेवून भूमेश्वरीनं त्यांना नाव गिरवायला शिकवलं होतं. चार महिने लागले होते.

"येते," सुशिलाबाई म्हणाल्या. "पण ते सही हिनं शिकवली हाये. हिचं नाव कमी कराच्या कागदावर ते नाई करत मी."

त्यांनी अंगठा उमटवला. भूमेश्वरीनं कागद वाळू दिला, घडी घातली आणि चेतनाच्या हातात दिला. मग ती आत गेली आणि बायांसाठी चहा ठेवला.